भरपगारी सुट्टीचं पत्र लिहिताना

कामाच्या ताईंचा पगार वाढवणं तसं सोपं. दिवाळीच्या आसपास त्या विषय काढतात, शेजारीपाजारी काय देतात याचा आपण कानोसा घेतो आणि दोन-चारशे रुपयांवर एकमत होतं. घोडं अडतं ते सुट्टीवर. पुण्यातल्या बहुतेक घरांत सुट्टी तोंडी असते. ‘अडीनडीला घ्या की’ असं सांगून ठेवलेलं असतं. अडीनडी खरोखर आली की ती कुणी ठरवायची, यावरून बिनसतं.

आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या ताईंचं दुसऱ्या एका घरी असंच झालं. 2024 मध्ये पुण्यात चिकुनगुन्याची मोठी साथ होती. त्यांचा ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण मनगटं धरून राहिली. आमच्याकडे परत आल्या तेव्हा फरशीचं फडकं पिळता येत नव्हतं. दोन तळव्यांत धरून नुसतं दाबायच्या आणि ते टपटप गळतच राहायचं. त्या दुसऱ्या घरी ‘बरं वाटेपर्यंत येऊ नका’ असं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच ओळखीची बदली लावून दिली. परत गेल्या तर बदलीच कायम झालेली. मधल्या दिवसांचा पगार बदलीला गेला, यांच्या हाती काही नाही. गंमत अशी की यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. बरं वाटेपर्यंत म्हणजे किती दिवस आणि बदलीचे पैसे कुणी द्यायचे, एवढंच कुणी बोललं नव्हतं.

हे दुखणं या शहराला नवं नाही. 1980 साली पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हाही पगाराच्या बरोबरीने खाड्याचा आणि आजारपणाचा प्रश्न होताच. पुढे 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदतीची तरतूद आहे. मात्र तुमच्या घरात महिन्याला किती सुट्ट्या, हे तो कायदा ठरवत नाही. घरकामगारांना कामाच्या अटी समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी द्याव्यात, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो मान्य करून लागू केला नाही. थोडक्यात, कागद आपणच करायचा.

तो मी केला. साध्या कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन प्रती. आधी मोठ्याने वाचून दाखवला. पगाराचा भाग असा होता: “आपला पगार दरमहा 4,000 रुपये होता, तो 1 नोव्हेंबरपासून 4,400 रुपये. काम पूर्वीचंच: भांडी, केर आणि फरशी. यापुढे दरवर्षी याच तारखेला निदान दहा टक्के वाढ.” कामाची नावं मुद्दाम लिहिली. वाढ दिली की ‘आता ओटा आणि गॅलरीही पुसत जा’ म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे वाढ म्हणजे जादा कामाचा मोबदला, आणि तोही कमीच.

सुट्टीचा भाग त्यांच्याशी बोलूनच पक्का झाला. महिन्याला दोन सुट्ट्या, आदल्या दिवशी सांगून. वर्षातून सात दिवस गावाला. गावची जत्रा तिथीवर येते, म्हणून तारीख न घालता ‘पंधरा दिवस आधी कळवून’ असं लिहिलं. गौरीपूजनाचा दिवस मात्र नावानिशी लिहून घ्या, असं त्यांनीच सांगितलं. “वहिनी, त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे आणि माझ्याकडे गौर. दरवर्षी तोंड वाईट होतं.” खरंच होतं. सणाच्या सुट्ट्या मोघम लिहिल्या तर ज्या दिवशी त्यांना हवी, नेमकी त्याच दिवशी आपल्याला देववत नाही. आणखी एक ओळ घातली: आम्ही गावाला गेलो आणि घर बंद असलं तर पगार पूर्ण, आणि ते दिवस त्यांच्या सुट्टीत धरायचे नाहीत.

आता बदली. ‘सुट्टी घ्या, पण बदली देऊन जा’ असं आपण सहज म्हणतो. बदलीला पैसे ताईच देतात, म्हणजे त्यांनी स्वतःच्या पगारातून सुट्टी विकत घेतली. भरपगारी सुट्टी कागदावर उरते, खिशात नाही. तुमच्याकडची सुट्टी खरी आहे का हे पाहायचं असेल, तर मागच्या सुट्टीत बदलीचे पैसे कुणाच्या हातून गेले तेवढं विचारा. आमच्या पत्रात लिहिलं आहे की बदली देण्याची सक्ती नाही. आम्हाला हवी असेल तर तिचे पैसे आम्ही वेगळे देऊ, आणि बदलीचं काम ताई परत आल्या की संपेल.

दिवसाचा दर काढतानाही गफलत होते. 4,400 ला 30 ने भागलं तर 147 रुपये येतात, 26 ने भागलं तर 169. खाडा कापताना 26 ने आणि जादा दिवसाचे देताना 30 ने भागणारे महाभाग असतात. भागाकार कोणताही करा, पण दोन्हीकडे एकच ठेवा. आम्ही 30 धरला आणि आकडाच पत्रात लिहिला.

आजारपणाला वर्षात पहिले दहा दिवस पूर्ण पगार, पुढचे वीस दिवस अर्धा, आणि दोन महिन्यांपर्यंत काम त्यांचंच. डॉक्टरची चिठ्ठी तीन दिवसांच्या वर असेल तरच. एका दिवसाच्या तापासाठी दवाखान्याचा खर्च करायला लावण्यात अर्थ नाही. समजा एका महिन्यात त्या अठरा दिवस आजारी पडल्या. दहा दिवस पूर्ण, आठ दिवस अर्धे, म्हणजे 588 रुपये कमी होऊन त्यांना 3,812 मिळतील. त्या अठरा दिवसांची बदली 2,646 रुपयांना पडेल. एरवीच्या पगारापेक्षा आम्हाला त्या महिन्यात 2,058 रुपये जास्त लागतील. हे झेपणार नसेल तर दहाचे सात करा, पण आधी करा. त्या अंथरुणावर असताना घासाघीस नको.

एवढं करूनही हे पत्र म्हणजे कारखान्यातली नोकरी नव्हे. भविष्य निर्वाह निधी नाही, आणि ताई पाच घरी काम करत असतील तर इतर चार घरांवर याचा काही परिणाम नाही. जत्रेला सात दिवस आम्ही दिले आणि बाकीच्यांनी दिले नाहीत, तर त्या तीन दिवसांत परत येतात. तसं झालंही. एकाच इमारतीतल्या दोन-तीन घरांनी गावच्या सुट्टीचे दिवस एकत्र ठरवले तरच त्या सुट्टीला अर्थ येतो. हे आमच्या जिन्यात मी बोलून पाहिलं, एक घर तयार झालं.

दोन्ही प्रतींवर दोघींच्या सह्या आणि तारीख घाला, एक प्रत त्यांच्या घरी जाऊ द्या. सुट्ट्यांच्या खुणा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोघींच्या देखत करा. आणि कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ‘या आमच्याकडे काम करतात’ असा दाखला घेऊन ताई आल्या, तर ‘आमचं नाव कशाला’ म्हणून टाळू नका. त्याच दिवशी सही करून द्या.