बाहेरून काय घ्यायचं? आधी मशीनचे तास मोजा

वागळे इस्टेटमधला किंवा डोंबिवली एमआयडीसीतला एखादा इंजिनिअरिंगचा गाळा घ्या. ऑर्डरी भरपूर, सीएनसी लेथ मोजकेच. जे काम मशीनवर मावत नाही ते शेजारच्या गाळ्यात जॉब वर्कला जातं. कोणतं काम पाठवायचं हा मालकाचा रोजचा प्रश्न, आणि टी.वाय.बी.कॉम.पासून सीए इंटरपर्यंतच्या पेपरांत ‘मेक ऑर बाय’ म्हणून येतो तोही हाच. मुलांना सूत्र येत नाही असं नसतं. गोंधळ होतो तो तुलना कशाची करायची यात.

सरावासाठी एक काल्पनिक गणित मांडू. गाळ्यात पाच लेथ आहेत. रोज १६ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,००० तास. तीन भाग लागतात:

| | शाफ्ट | फ्लँज | स्पिंडल |
|---|---|---|---|
| गरज (नग) | ५०० | १,६०० | ७०० |
| एका नगाला तास | २ | ½ | १ |
| चल खर्च (रु.) | १८० | ९० | १५० |
| बाहेरचा भाव (रु.) | २४० | ११४ | १९० |

स्थिर खर्च महिन्याला १,२०,००० रुपये, म्हणजे तासाला ६० रुपये आकारला आहे.

पहिलं काम, हे ६० रुपये बाजूला ठेवणं. ते धरले तर शाफ्ट ३०० रुपयांना, फ्लँज १२० ला आणि स्पिंडल २१० ला पडतो. तिन्ही बाहेर स्वस्त दिसतात आणि उत्तर येतं, ‘सगळंच विकत घ्या’. मग गाळ्याचं भाडं आणि पर्यवेक्षकाचा पगार कुणी माफ करणार आहे का? काम बाहेर दिलं तरी तो खर्च राहतोच. म्हणून तुलना फक्त चल खर्च आणि बाहेरच्या भावाची. (काम बंद केल्यावर एखादा स्थिर खर्च खरोखर वाचतो असं प्रश्नात स्पष्ट दिलं असेल, तरच तो हिशेबात घ्या. तसंच कामगार कायम पगारावर आहेत असं म्हटलं असेल, तर त्यांची मजुरी चल खर्चातून काढा.) असं पाहिलं की तिन्ही भाग घरी करणंच स्वस्त ठरतं. बाहेरचा भाव चल खर्चाहून कमी असलेला एखादा भाग असता, तर तो आधीच बाहेर गेला असता. मशीन रिकामं असलं तरीही.

आता तास मोजा. शाफ्टला १,००० लागतात, फ्लँजला ८००, स्पिंडलला ७००. एकूण २,५००, म्हणजे ५०० तास कमी पडतात. ही बेरीज अनेक जण करतच नाहीत. क्षमता पुरत असेल तर पुढचं सगळं गणित अनावश्यक असतं.

खरी चूक यानंतर होते. बाहेरून घेतल्यास शाफ्टवर नगामागे ६० रुपये जास्त जातात, स्पिंडलवर ४० आणि फ्लँजवर २४. साहजिकच फ्लँज बाहेर द्यावा असं वाटतं. पण एक फ्लँज बाहेर दिला तर मशीनचा अर्धाच तास सुटतो. ५०० तास मोकळे करायला १,००० फ्लँज विकत घ्यावे लागतील, आणि त्यांचे २४,००० रुपये जास्त पडतील. टंचाई तासांची आहे, तेव्हा भागाकार तासांनीच हवा. शाफ्टला तासामागे ६० भागिले २, म्हणजे ३० रुपये, स्पिंडलला ४०, फ्लँजला २४ भागिले ½, म्हणजे ४८. सगळ्यांत स्वस्तात सुटणारा तास शाफ्टचा आहे. २५० शाफ्ट बाहेरून घ्या, जादा खर्च १५,००० रुपये. फ्लँज आणि स्पिंडल पूर्ण घरी, उरलेले २५० शाफ्टही घरी.

उत्तर पक्कं करायचं तर दोन्ही योजनांचा एकूण खर्च स्थिर खर्च वगळून मांडा. शाफ्ट बाहेर दिल्यास ३,५४,००० रुपये येतो, फ्लँज बाहेर दिल्यास ३,६३,०००. फरक ९,००० चा, आणि २४,००० वजा १५,००० म्हणजेही तेवढाच. हे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी नग आणि तास यांची गल्लत झाली आहे.

मोठ्या गुणांच्या प्रश्नात पुढे आणखी एक वळण असतं. समजा अंबरनाथहून २०० बुशांची ऑर्डर आली. विक्री १५० रुपये, चल खर्च ११०, एका बुशला एक तास. अंशदान तासाला ४० रुपये. ‘क्षमताच नाही, नाकारा’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पण २०० तास काढायला आणखी १०० शाफ्ट बाहेरून घेता येतात. त्याचे ६,००० रुपये जास्त जातील आणि बुशांतून ८,००० येतील. ऑर्डर घ्यावी, २,००० रुपये सुटतात. हाच हिशेब उलटा वापरला की बुशचा किमान भावही मिळतो: चल खर्च ११० अधिक हातचा गेलेला तास ३०, म्हणजे १४० रुपये. मात्र हा भाव पहिल्या ५०० बुशांपुरताच. तोवर घरचे शाफ्ट संपतात आणि पुढचा तास स्पिंडलकडून घ्यावा लागतो. त्याची किंमत ४० रुपये असल्याने किमान भाव १५० होतो, आणि त्या भावाला ऑर्डर घेतली काय, सोडली काय, नफा तोच राहतो.