पुरुषांमधील थायरॉईड : आधी टीएसएच, मग तीन महिने धीर

थायरॉईड हा बायकांचा आजार असं आपण सहज म्हणतो. त्यामुळे मूल होत नसेल तर तपासणी बायकोची होते आणि नवऱ्याचा थायरॉईड पाहायचा राहूनच जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा ३५ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वर्षभर थकवा, वजन वाढलेलं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ. कामेच्छा कमी झाली आहे, लिंगाला पुरेसा ताठरपणा येत नाही. वीर्यतपासणीत शुक्राणूंची हालचाल मंद आणि आकार बिघडलेला दिसतो. अशा वेळी टीएसएच ही साधी रक्ततपासणी करावी. ती साधारण ०.४ ते ४ असते. यांची २२ आली आणि टी४ कमी निघालं. म्हणजे थायरॉईड मंदावलंय. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन घटतं, काही जणांत प्रोलॅक्टिन वाढतं, आणि इच्छा मावळते.

डॉक्टर लिव्होथायरॉक्सिन देतात. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवायचं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात.

इथेच बरेच जण घाई करतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून टीएसएच नॉर्मल झाल्यावर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करा. महिन्यातच करून "औषध लागू पडत नाही" म्हणत गोळी सोडू नका.

थायरॉईड जास्त चालत असेल तर चित्र वेगळं दिसतं : वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात आणि वीर्यपतन लवकर होतं. यात रक्तातलं एकूण टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसतं, पण ते प्रथिनाला बांधलेलं असतं. त्या आकड्यावर खूश होऊ नये. यावर गोळ्या असतात, तसंच किरणोत्सारी आयोडीनही असतं. आपल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनलेलं आयोडीन-१३१ याच कामी येतं, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अशा रुग्णांवर उपचार होतात. हा डोस घेतल्यावर पुरुषाने साधारण चार महिने मूल होऊ देण्याचा प्रयत्न टाळायचा असतो. हिशोब तोच, शुक्राणूंची जुनी तुकडी निघून जायला हवी.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टीएसएच ५-६ इतकंच वाढलं असेल तर सगळा दोष थायरॉईडवर टाकू नका. ताठरपणाच्या तक्रारीत मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान आणि मनावरचा ताण, तर शुक्राणूंच्या तक्रारीत वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, हेही तपासावं लागतं. जाहिरातीतली 'ताकदीची' गोळी मात्र टीएसएच खाली आणत नाही. ती घेण्यात गेलेले महिने तेवढे वाया जातात.