शनिवारची सकाळची शाळा आणि राज्यसेवेचा आठवडा

परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत राज्यसेवेचा अभ्यास करणारी पोरं दोन प्रकारची. एक जमीन विकून किंवा गहाण टाकून पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट घेतात. दुसरी माझ्यासारखी, नोकरी सोडणं परवडत नाही म्हणून गावातच राहून अभ्यास करणारी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय चौतीस. खाली लिहिलंय ते या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी.

सुरुवात वेळापत्रकानं करू नका. आधी एक आठवडा नुसती नोंद ठेवा. खिशात छोटी वही ठेवायची आणि कोणत्या वेळी डोकं चालू होतं, कोणत्या वेळी नुसतंच पुस्तक उघडं होतं, ते खरं खरं लिहायचं. माझ्या वहीत निघालं ते असं: पहाटे पाच ते सात चांगले. शाळेतून आल्यावर साडेसहापर्यंत शून्य. रात्री साडेआठ ते साडेनऊ बरे, पण फक्त हातानं काही लिहायचं असेल तर. वाचायला घेतलं की डुलकी. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणजे दुपार मोकळी. हा शिक्षकाच्या आठवड्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा आणि तो मी वर्षभर झोपून घालवला होता. तुम्ही बँकेत किंवा तहसीलमध्ये असाल तर तुमचा असा तुकडा दुसरीकडे असेल, पण तो असतोच.

या नोंदीवरून आठवडा बांधा. माझा असा बसला: सोमवार ते शुक्रवार पहाटे दोन तास वाचन, म्हणजे दहा तास. बुधवार सोडून चार रात्री एकेक तास लेखन, म्हणजे चार. शनिवारी दुपारी झोप झाल्यावर तीन तास सीसॅट आणि वैकल्पिक विषय. रविवारी सकाळी तीन तास पेपर आणि संध्याकाळी एक तास तपासणी. बेरीज एकवीस. बुधवारची रात्र रिकामी ठेवली ती आरामासाठी नाही. आठवड्यात कुठेतरी लग्न, मयत, मतदार यादीचं काम किंवा ऑनलाइन माहिती भरण्याचा फतवा येतोच. त्यात बुडालेला एक तास बुधवारी भरून काढायचा. त्याहून जास्त बुडालं तर सोडून द्यायचं. थकलेला अभ्यास पुढच्या आठवड्यावर ढकलला की तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रक उसनवारीच्या वहीसारखं दिसायला लागतं आणि मग माणूस ती वही उघडतच नाही. कागदावर एकवीस असले तरी हातात सोळा-सतरा पडतात, तेवढेच धरून चाला.

आता हे तास कशावर घालायचे, ते परीक्षेचं रूप पाहून ठरवा. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर शंभर प्रश्नांचा, दोनशे गुणांचा. सीसॅटचा ऐंशी प्रश्नांचा, तोही दोनशे गुणांचा, पण त्यात फक्त ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पार करायचे असतात. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजी हे भाषांचे दोन पेपर पात्रतेपुरते. गुणांत धरले जातात ते निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, एकूण १७५०. मुलाखत २७५ गुणांची. जुन्या बहुपर्यायी मुख्य परीक्षेची सवय असलेले इथेच फसतात. वाचन तेवढंच ठेवतात आणि लिहायचं पूर्वपरीक्षेनंतर बघू म्हणतात. नोकरदाराला पूर्वपरीक्षेनंतर वेगळे मोकळे महिने मिळत नाहीत, त्याची शाळा चालूच असते. म्हणून लेखन पहिल्या आठवड्यापासून हवं, चार रात्री चार उत्तरं.

एका आठवड्याला एकच विषय घ्या. माझा एक आठवडा उलगडून सांगतो. विषय होता मराठवाड्यातला दुष्काळ. सोमवार-मंगळवारी पहाटे बालभारतीची भूगोलाची पुस्तकं आणि राज्याच्या आर्थिक पाहणीतलं पाण्याचं प्रकरण. (ही पुस्तकं आम्हा शिक्षकांच्या कपाटातच असतात, तरी आपण पुण्याहून नोट्सच्या झेरॉक्स मागवतो.) गुरुवारी रात्री स्वतःच प्रश्न तयार केला: ‘मराठवाड्यातील दुष्काळाची कारणे सांगून आजवरच्या उपाययोजनांचे मूल्यमापन करा. १५ गुण, २५० शब्द.’ मोबाइलवर अकरा मिनिटं लावली आणि लिहायला बसलो.

अकरा मिनिटं कुठून आली? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात, दहा प्रश्न १० गुणांचे आणि दहा १५ गुणांचे. म्हणजे लहानाला सात आणि मोठ्याला अकरा मिनिटं. सरावाला हेच माप धरा. दीडशे आणि अडीचशे शब्दांची दहा-दहा उत्तरं म्हणजे एका बैठकीत चार हजार शब्द हातानं लिहायचे. फळ्यावर रोज लिहितो म्हणून मला वाटलं होतं की हात तयार आहे. पहिल्या पूर्ण पेपरात चाळिसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि पुढची उत्तरं माझी मलाच वाचता येईनात.

गुरुवारचं उत्तर एकोणीस मिनिटं चाललं, शब्द तीनशेच्या वर. शनिवारी थंड डोक्यानं लाल पेन घेऊन बसलो तेव्हा दोष उघडा पडला. दोन तृतीयांश पान पर्जन्यछायेनं भरलं होतं. सह्याद्रीवर पाऊस पडून इकडे वारे कोरडे येतात, खाली बेसॉल्टचा कठीण खडक असल्यानं पाणी कमी मुरतं, हे सगळं बरोबर होतं. पण प्रश्नानं मागितलेलं ‘मूल्यमापन’ शेवटच्या तीन ओळींत गुंडाळलं होतं आणि तीही योजनांची नुसती नावं.

म्हणून तपासताना तीनच गोष्टी पाहा. प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करून त्याला उत्तराचा निम्मा भाग मिळाला का? प्रत्येक परिच्छेदात एक तरी ठोस नाव, साल किंवा ठिकाण आहे का? आणि मी तपासनीस असतो तर पहिल्या दोन ओळींत हा माणूस काय म्हणतोय ते कळलं असतं का? भाषा, अलंकार, सुविचार सोडून द्या.

रविवारी तेच उत्तर नव्यानं लिहिलं. पहिल्या दोन ओळींत भूमिका: निसर्गानं पाऊस कमी दिला, पण टंचाई वाढली ती पाणी वापरण्याच्या पद्धतीनं. कारणं चार ओळींत, त्यात उसाचं वाढतं क्षेत्र आणि भूजलाचा उपसा. मग मूल्यमापन: १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, त्यानं हाताला काम दिलं, पण पाणी साठवण्याचा प्रश्न उरला. जायकवाडीनं सिंचन आणलं, पण लाभ कालव्याच्या पट्ट्यापुरता. आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, म्हणजे पिण्याच्या पाण्याचीही हमी नव्हती. दुसरी बाजू म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं कडवंची: पाणलोटाची कामं, शेततळी आणि त्यांवर उभ्या द्राक्षबागा. शब्द दोनशे चाळीस, वेळ बारा मिनिटं. परतूरच्या बाजूला राहणाऱ्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागांचं उदाहरण डोळ्यांसमोर असतं, ते पुण्याच्या नोट्समध्ये शोधायला लागत नाही.

रविवारचा पेपर घरच्यांशी बोलून ठरवा, नाहीतर टिकत नाही. आमच्याकडे बायकोनंच तोडगा काढला. म्हणाली, “अहो, नऊ ते बारा तुम्ही गावाला गेलात असं मी लेकरांना सांगते. पण बारानंतर तुम्ही घरात पाहिजे, पुस्तकात नाही.” दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं निघालं. दुपारची जेवणं नीट झाली की पुढचे रविवार मिळत गेले.

सीसॅटला शनिवारी एक तास द्याच. ‘नुसता पात्रतेचा पेपर’ म्हणून मी तो दोन वर्षं हाताळला नाही. डिसेंबर २०२४ च्या पूर्वपरीक्षेत २९ उत्तरं बरोबर आणि १५ चूक. बरोबरचे अडीच गुणांनी ७२.५ झाले. चुकीला प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा जातो, म्हणजे प्रश्नामागे ०.६२५, पंधरा चुकांचे ९.३७५. हाती ६३ च्या आसपास आणि बाहेर. त्या पंधरांत सहा उत्तरं शेवटच्या पाच मिनिटांत डोळे झाकून काळी केली होती. ती कोरी सोडली असती तर ६६.८७५ होऊन पार झालो असतो. तेव्हापासून शनिवारच्या सरावात प्रत्येक उत्तरापुढे खात्री असेल तर टिंब आणि अंदाज असेल तर फुली मारतो आणि शेवटी फुल्यांतली किती बरोबर आली ते मोजतो. पाचांतलं एकच बरोबर येत असेल तर गुण जेमतेम जाग्यावर राहतात. त्याहून कमी येत असतील तर तुमचा अंदाज तुम्हाला महाग पडतोय.

तारखेवर आठवडा बांधू नका. २०२४ ची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टवरून १ डिसेंबरला गेली. २०२५ ची २८ सप्टेंबरला होती. मराठवाड्यात अतिवृष्टीनं शेतं पाण्याखाली गेली आणि ती ९ नोव्हेंबरवर ढकलली. ज्यांनी ‘शेवटचे पंधरा दिवस’ म्हणून रजा टाकून सोळा-सोळा तास ओढले होते, ते परीक्षा पुढे गेल्यावर आठवडाभर पुस्तकाकडे बघू शकले नाहीत. नेहमीच्या चालीनं चाललेल्याला मात्र सहा आठवडे जास्तीचे मिळाले. म्हणून किरकोळ रजा आधी संपवू नका. परीक्षेच्या आदल्या तीन दिवसांसाठी राखा. वैकल्पिक विषयाचं पहिलं सलग वाचन उन्हाळी सुट्टीत टाका, ते तुकड्यांत होत नाही. आणि अर्ज भरताना कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या, हा कागद पुढे ऐन वेळी मागितला जातो.

चाल बिघडतेय हे कसं ओळखायचं? तास मोजून कळत नाही. लिहिलेली उत्तरं मोजा. दोन आठवडे लागोपाठ चारपेक्षा कमी झाली, किंवा हजेरीपटात चुका व्हायला लागल्या, किंवा पहाटे एकच पान तिसऱ्यांदा वाचताय असं लक्षात आलं, तर पहाटेचं वाचन आठवडाभर निम्म्यावर आणा. झोप वाढवा, पण रात्रीचं एक उत्तर ठेवा. अशाच एका आठवड्यात माझी आई म्हणाली, “आरं, दिवा जळतोय पण तू झोपलास की.” खरंच होतं ते. त्या आठवड्यापासून पहाटे पाचचा गजर साडेपाचला नेला आणि वहीत वाचनाच्या रकान्यात दोनऐवजी दीड लिहिलं.