सर्व्हरचं घड्याळ लावताना

घड्याळ तीन सेकंद पुढे असलं तर काय बिघडतं, असं विचारू नकोस. समज, डेटाबेस दोन मशीनवर आहे आणि नियम असा की ज्या नोंदीवर नंतरची वेळ, ती खरी. पहिलं मशीन तीन सेकंद पुढे. ग्राहकाने १०:००:०० ला पत्ता भरला, त्यावर शिक्का पडला १०:००:०३ चा. दोन सेकंदांनी त्याने चूक सुधारली, पण ती दुरुस्ती गेली दुसऱ्या मशीनवर आणि तिच्यावर शिक्का बसला १०:००:०२ चा. झालं, चुकीचा पत्ताच टिकला! एरर कुठेच नाही. असली तक्रार शोधताना माणूस वेडा होतो.

म्हणून एनटीपी. पण त्यातल्या स्ट्रेटमच्या आकड्याला भुलू नकोस. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर म्हणजे शून्य, त्याला थेट जोडलेला सर्व्हर एक, त्याच्याकडून वेळ घेणारा दोन, असं पंधरापर्यंत. सोळा म्हणजे वेळ जुळलेलीच नाही. हा आकडा वेळ किती हातांतून आली तेवढंच सांगतो, ती किती अचूक आहे ते नाही.

अचूकता ठरते ती वाटेवर. आपल्या घड्याळात १०० मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाने १६० ला मिळाला, १६१ ला त्याने उत्तर धाडलं, ते आपल्याकडे १२१ ला पोचलं. जायला ६० आणि यायला उणे ४० दिसतात, म्हणजे वाटेत एकूण २० गेले. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला असं एनटीपी धरून चालतं, म्हणून ते सांगतं की आपण ५० ने मागे आहोत. प्रत्यक्षात जायला १५ आणि यायला ५ लागले असतील, तर खरा फरक ४५ चा. ही चूक फेरीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. तेव्हा २०० मिलिसेकंदांवरच्या परदेशी स्ट्रेटम एकपेक्षा शेजारचा नीट चालणारा स्ट्रेटम तीन बरा.

सर्व्हर चार ठेव. दोघांचं पटलं नाही तर खोटं कोण ते कळत नाही. तिघांत एक उघडा पडतो आणि चौथा असला की एखादा बंद पडला तरी निभावतं.

मग `chronyc sources` बघ. `^*` म्हणजे सध्या ज्याच्यावर भिस्त आहे तो, `^x` म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारा. `Reach` खाली 377 दिसलं तर मागच्या आठही विचारण्यांना उत्तर आलंय. ० असेल तर आधी फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बघ.

आणि चालू डेटाबेसचं घड्याळ हाताने मागे ओढू नकोस, तीच सेकंदं पुन्हा येतात आणि नोंदींचा क्रम उलटतो. कॉन्फिगमध्ये हे ठेव:

```
makestep 1.0 3
```

म्हणजे सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांतच, फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर उडी. नंतर chrony घड्याळाचा वेग किंचित कमीजास्त करून सावकाश जुळवून घेतं. त्याला वेळ लागतो, लागू दे.