एकच कन्सीलर दोन्हीकडे का चालत नाही?

प्रश्न : माझा वर्ण गव्हाळ आहे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत आणि गालांवर मुरमांचे जुने डाग. दुकानात सांगितलं म्हणून माझ्या रंगापेक्षा एक शेड उजळ कन्सीलर घेतला. डोळ्यांखाली तो राखाडी दिसतो आणि गालांवर पांढरट ठिपके उमटतात. दोन जागांसाठी दोन कन्सीलर घ्यावे लागतात का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हो, कारण दोन्ही ठिकाणची अडचण वेगळी आहे.

आधी डोळ्यांखालचं पाहू. आपल्याकडे ही वर्तुळं बहुधा तपकिरी किंवा निळसर असतात. त्यांवर थेट उजळ शेड लावली की खालचा निळसर रंग तिच्यात मिसळून राखाडी दिसतो. निळ्याला नारिंगी रंग मारतो. म्हणून आधी पीच रंगाचा करेक्टर फक्त काळसर भागावर अगदी पातळ लावा. वर्ण सावळा असेल तर नारिंगीकडे झुकणारा घ्या. त्यावर तुमचा उजळ कन्सीलर चालेल. इथली त्वचा चेहऱ्यावरच्या इतर त्वचेपेक्षा पातळ असते आणि हसताना दुमडते. त्यामुळे ओलावा देणारा, पातळ, लिक्विड कन्सीलरच घ्या. घट्ट किंवा मॅट कन्सीलर तासाभरात बारीक रेषांत साचतो.

एक तपासणी मात्र आधी करा. आरशासमोर खिडकीकडे तोंड करून हनुवटी वर उचला. काळेपणा बराच कमी झाला, तर तो खोलगटपणाची सावली आहे. तिला करेक्टरचा फारसा उपयोग होत नाही.

गालांवरच्या डागाला उलटा नियम. तिथे शेड त्वचेशी तंतोतंत जुळली पाहिजे, कारण उजळ शेड डागाकडेच लक्ष वेधते. जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात या आणि दहा मिनिटांनी पाहा. काही कन्सीलर हवेने आणि त्वचेच्या तेलाने गडद होतात. इथे घट्ट, मॅट, डबीतला किंवा स्टिकचा प्रकार टिकतो. फाउंडेशन वापरत असाल तर ते आधी लावा. मग बारीक ब्रशने फक्त डागावर कन्सीलर टेकवा, मिनिटभर थांबा आणि कडा तेवढ्या पुसट करा. मधोमध घासलंत तर सगळं निघून येईल. वर थोडी पावडर दाबा. ताजं, लाल मुरूम असेल तर खाली हिरव्या करेक्टरचा ठिपका द्या. लाली झाकेल, पण मुरमाचा उंचवटा कोणत्याही कन्सीलरने लपत नाही. मुरमाला लागलेला ब्रश न धुता पुन्हा डबीत बुडवू नका.

तेव्हा घेतलेला कन्सीलर लिक्विड असेल तर टाकू नका, डोळ्यांसाठी ठेवा. त्याच्या जोडीला पीच करेक्टर आणि डागांसाठी रंगाशी जुळणारा घट्ट कन्सीलर घ्या. बजेटमध्ये सध्या एकच बसत असेल, तर करेक्टर आधी घ्या. राखाडीपणा त्यानेच जाईल, आणि डागांवर उजळ कन्सीलर लावणं आजपासूनच बंद करा.