वाचकांचे प्रश्न : आगाऊ घेतलेले दोनशे रुपये कापता येतील का?

प्रश्न : साताऱ्यात माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. एका सिटिंगचे पाचशे रुपये घेते. संध्याकाळच्या वेळा फोनवर राखून ठेवते आणि पेशंट येतच नाहीत. म्हणून वेबसाइटवर अपॉइंटमेंटचं पान टाकून दोनशे रुपये आधीच घ्यावेत, असं मनात आहे. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं लिहिलं तर चालेल का? आणि फॉर्ममध्येच आजार, आधार क्रमांक, जुने रिपोर्ट हे सगळं मागून घेतलं तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आगाऊ रक्कम घ्यायला हरकत नाही. मात्र 'कधीच परत नाही' ही अट वादात टिकेलच, अशी खात्री बाळगू नका. करार मोडल्याबद्दल किती भरपाई घ्यायची हे आधी ठरवलेलं असलं, तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. शिवाय नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 'अनुचित करार' म्हणतो.

तुमच्याच क्लिनिकचं उदाहरण घेऊ. पेशंटने संध्याकाळी सहाची वेळ आदल्या दिवशी सकाळीच रद्द केली आणि तिथे दुसरा पेशंट आला, तर तुमचं काहीच बुडालं नाही. दोनशे रुपये ठेवायला कारण उरत नाही. तोच पेशंट न कळवता आलाच नाही, तर पाचशेची सिटिंग गेली, आणि दोनशे ठेवणं वाजवी ठरतं. म्हणून नियम असा लिहा : 'बारा तास आधी रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर रद्द केल्यास किंवा न आल्यास दोनशे रुपये परत मिळणार नाहीत. आमच्याकडून वेळ रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत.' हा मजकूर पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच दिसला पाहिजे. पैसे भरून झाल्यावर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात दिसला, तर पेशंटने तो मान्य केला होता असं म्हणणं अवघड जाईल.

परताव्याचा खर्चही धरून चला. पेमेंट गेटवेने समजा दोन टक्के घेतले, तर दोनशेवर चार रुपये आणि त्या चारवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4 रुपये 72 पैसे जातात. परतावा दिला तरी हे शुल्क बहुधा परत येत नाही. ते तुम्ही सोसायचं, पेशंटच्या रकमेतून कापायचं नाही. गेटवे न वापरता क्यूआर कोडवर थेट बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेतले तर हे शुल्क वाचतं, पण पैसे आले की नाही हे तुम्हालाच बघून वेळ पक्की करावी लागते.

आता फॉर्म. 'माझं क्लिनिक एवढंसं, मला कायदा कशाला लागतोय' असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ मध्ये एकट्याचा व्यवसायही येतो, आणि त्याखालच्या 2011 च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' धरली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे : टेलिमेडिसिनचं ॲप एका महिलेच्या फोनमधले संपर्क मागतं आणि ती 'हो' म्हणते. तरी तिची संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते.

वेळ राखायला नाव, मोबाइल आणि वेळ एवढंच लागतं. आधार काढून टाका. आजार आणि रिपोर्ट पेशंट समोर बसल्यावर विचारा. रिमाइंडर पाठवायचे असतील तर त्यासाठी चौकोन ठेवा, पण त्यात आधीच टिक करून ठेवू नका. टिक पेशंटनेच करायला हवी.

अशा पानांवर सगळ्यात जास्त चूक होते ती नोंदींच्या शीटमध्ये. रिसेप्शनिस्टला दिसावी म्हणून गूगल शीट `Anyone with the link` वर ठेवली जाते, आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळ्या पेशंटची नावं व नंबर दिसतात. तपासायला सोपं आहे : शीटची लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. लॉगिन मागितलं तर ठीक. थेट यादी दिसली तर त्याच क्षणी ते बदलून `Restricted` करा आणि फक्त रिसेप्शनिस्टचा ईमेल जोडा.

पान सुरू करण्याआधी घरातल्या कुणाला तरी त्यावर अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, दोनशे रुपये भरायला लावा आणि मग ती रद्द करायला सांगा. फोन न करता पैसे त्यांच्या खात्यात परत आले, तरच पान पेशंटसाठी खुलं करा.