पहिला पाऊस आणि दोन मिनिटांचं भाषण

ओवी : बाई, पाठांतराच्या दिवशी मला बहिणाबाईंची पहिल्या पावसाची कविता म्हणायची आहे. आधी दोन मिनिटं तिच्याविषयी बोलायचंय. सुरुवात जन्मतारखेपासून करू?

बाई : नको. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. एवढं एका वाक्यात पुरे. आता सांग, कवितेत पावसाचं काय काय होतं?

ओवी : आधी मातीचा वास येतो. मग सरीवर सरी, शेतं भिजतात, नदीनाले भरतात. पुढे घरं गळतात आणि खारी वाहून जाते. ही खारी म्हणजे काय?

बाई : श्रोतेही इथेच अडतील, म्हणून भाषणातला जास्त वेळ तिला दे. खानदेशात मातीची धाब्याची घरं असत. छत सपाट, लाकडांवर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पाणी आत झिरपू नये म्हणून वरून खारी माती पसरत. जोराच्या पावसात तीच वाहून गेली, तर?

ओवी : छत उघडं पडणार आणि घर गळणार! म्हणजे वासाने सुखावलेल्या बाईचंच घर गळतंय?

बाई : हो, आणि तरी ती पावसाला दूषण देत नाही. त्याच पावसात पोरं आरडाओरड करत भिजतात आणि ती शेतं उगवू दे म्हणते. गळणारं घर आणि उगवणारं शेत, दोन्ही तिचंच आहे. कवितेचा जीव इथे आहे.

ओवी : आणि ‘गयाले’ म्हणताना मुलं हसली तर?

बाई : तिकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, तसंच गळण्याचं गयणं. हे आधीच सांगून टाक, म्हणजे कुणी हसणार नाही. म्हणताना मात्र तू ‘ळ’ करू नकोस, त्याने कवितेचा नाद बिघडतो. बरं, आता बोलून दाखव.

ओवी : “नमस्कार. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओठांवरची गाणी मुलगा सोपानदेव आणि इतरांनी टिपून ठेवली, ती 1952 साली पुस्तकरूपाने आली. या कवितेत पहिल्या पावसाने माती दरवळते आणि पुढे घरही गळू लागतं, कारण मातीच्या छतावर पसरलेली खारी माती वाहून जाते. बोलीत ‘ळ’चा ‘य’ झालेला ऐकू येईल. घर गळत असतानाही ही शेतकरी बाई पावसाकडे पीक मागते, ते ऐका.”

बाई : छान. शेवटच्या वाक्यानंतर एक श्वास थांब आणि लगेच कविता सुरू कर. मध्ये ‘आता मी कविता सादर करते’ असं काही नको.